तीन कोटींसाठी बँक की आत्येभाऊ? इनडिफरन्स पॉइंट १११ लाख आलाय, पण घरात भांडण मिटेना

पंचा_टॉवेल | रविवार, रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. वडील आणि काका निम्मे-निम्मे भागीदार, मी खरेदी आणि हिशेब बघतो. जुने लूम काढून सहा सेकंडहँड टेरी रॅपिअर घ्यायचं चाललंय. जॅकार्ड, वायरिंग, शेडची डागडुजी धरून खर्च ४ कोटी. १ कोटी गाठीला आहे, ३ कोटी बाहेरून आणायचे.

घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात बँकेचं टर्म लोन घ्या, घरात तिसरा माणूस नको. काका म्हणतात पुण्याचा आत्येभाऊ पैसे घालायला तयार आहे, त्याला शेअर द्या, व्याजाची कटकट नको.

आकडे असे. सध्या १० लाख शेअर आहेत. सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटचं, व्याज वर्षाला १२ लाख. बँक ११ टक्के म्हणते, म्हणजे ३ कोटींवर पहिल्या वर्षी ३३ लाख व्याज. आत्येभाऊ शेअरला ६० रुपये द्यायला तयार आहे, म्हणजे त्याला ५ लाख नवे शेअर. टॅक्स सोपा म्हणून २५ टक्के धरलाय. गेल्या वर्षी व्याज आणि टॅक्सच्या आधीचा नफा, म्हणजे ईबिट, ८० लाख होता. मशिनं लागल्यावर तो १३० लाख होईल असा माझा अंदाज.

एक्सेलमध्ये असं टाकलं:

```
=12+33*15/(15-10)
```

उत्तर १११. हाच इनडिफरन्स पॉइंट, म्हणजे १११ लाख ईबिटवर दोन्हीकडे ईपीएस, एका शेअरमागचा नफा, सारखाच, ४ रुपये ९५ पैसे. १३० ला कर्जाने ६.३८ येतो, शेअरने ५.९०. म्हणजे वडील जिंकले. काकांना हे दाखवलं तर म्हणाले, "तुझं एक्सेल सूत विकत घेतं का?" आता मी काय चुकतोय ते सांगा.

बीकॉम_२०११ | रविवार, रात्री १०:४५

चुकत काही नाही. नियम सरळ आहे, अंदाज पॉइंटच्या वर असेल तर कर्ज, खाली असेल तर शेअर. १३० हे १११ च्या वर आहे, विषय संपला. शिवाय तुम्ही २५ टक्के टॅक्स धरलाय. आधी कंपन्यांना ३० टक्क्यांच्या वर टॅक्स होता, तेव्हा व्याजावरची टॅक्सची बचत जास्त होती आणि इनडिफरन्स पॉइंट आणखी खाली आला असता. टॅक्स वाढला की कर्ज फायद्याचं, हे लक्षात ठेवा.

रॅपिअर_नको_रे_बाबा | रविवार, रात्री ११:०२

सेकंडहँड रॅपिअर घेताय तर आधी स्पेअरचं बघा की ओ. आमच्याकडं दोन आणले, एकाचं कार्ड गेलं तर तीन आठवडे मशीन झाकून ठेवलं. तुमचं ईपीएस-बिपीएस नंतर.

जुनी_क्रेडिटवाली | सोमवार, सकाळी ७:१५

बीकॉम, तुमचा नियम बरोबर आहे, पण टॅक्सचं चुकलं. पंचा, तुमच्याच फॉर्म्युल्यात बघा, टॅक्सचा दर कुठे आहे? १२, ३३, १५, १०. नाहीच. कारण दोन्ही बाजूंना नफ्याला त्याच २५ टक्क्यांची कात्री लागते आणि बरोबरी मांडली की ती उडून जाते. टॅक्स ४० टक्के करा, पॉइंट १११ च राहतो. फक्त तिथला ईपीएस ४.९५ चा ३.९६ होतो. टॅक्स मधे येतो तो प्रेफरन्स शेअर काढले तर, कारण त्यांचा लाभांश टॅक्स भरून उरलेल्या पैशातून जातो. इथे तो प्रश्न नाही.

१११ हा आकडा आला कुठून, ते एकदा वेगळ्या तऱ्हेने बघा, मग काकांशी बोलणं सोपं जाईल. आत्येभाऊ ६० रुपये देतो. पैसे आल्यावर शेअर होतील १५ लाख. १५ लाख गुणिले ६० म्हणजे ९ कोटी. त्याने तुमच्या कारखान्याची, स्वतःचे ३ कोटी धरून, एवढी किंमत केली. या ९ कोटींवर बँकेच्या दराने, ११ टक्क्यांनी, किती होतात? ९९ लाख. त्यात सीसीचे जुने १२ मिळवा. १११.

म्हणजे प्रश्न एवढाच आहे की, आत्येभावाने जी किंमत लावली, त्या किमतीवर कारखाना बँकेच्या व्याजापेक्षा जास्त कमावतो का. कमावत असेल तर त्याला शेअर देणं महाग, नाही तर बँक महाग. सगळा खेळ त्या ६० रुपयांत आहे. आणि ते ६० कुणी ठरवले, हे तुम्ही लिहिलेलंच नाही.

गिरणीतला_निवृत्त | सोमवार, सकाळी ८:४०

नमस्कार. आपण ईपीएसबद्दल लिहिलंय म्हणून विचारतो. मी जुन्या गिरणीत सायझिंग खात्यात होतो. मला ईपीएस-९५ मधून हजारावर थोडी पेन्शन येते. ही रक्कम वाढणार आहे काय? कर्ज काढल्यास पेन्शनमधून कापतात काय?

पंचा_टॉवेल | सोमवार, सकाळी ९:०५

काका, हा ईपीएस वेगळा, एका शेअरच्या वाट्याला येणारा नफा. तुमच्या पेन्शनचा याच्याशी संबंध नाही. तुम्ही कर्मचारी भविष्य निधीच्या सोलापूरच्या कार्यालयात विचारा.

जुनी_क्रेडिटवाली ताई, ६० आमचे काका आणि आत्येभाऊ यांनी लग्नात जेवणाच्या पंगतीत ठरवले. हसू नका.

बीकॉम_२०११ | सोमवार, सकाळी ९:३०

टॅक्सचं मान्य. कागदावर करून बघितलं, खरंच उडतो. मी कॉलेजात पाठ केलेलं वाक्य होतं, "कर्जावर टॅक्सची ढाल". ढाल आहे, पण ती पॉइंट हलवत नाही एवढंच.

चिंचोळीकर | सोमवार, सकाळी ११:१०

पंगतीत ठरलेल्या भावावर शेअर वाटता येत नाहीत. बाहेरच्याला किंवा नातेवाइकाला, कुणालाही प्रेफरेन्शियल अलॉटमेंटने द्यायचे तर नोंदणीकृत मूल्यांककाचा रिपोर्ट लागतो आणि सभेत विशेष ठराव लागतो. आमच्या गारमेंट युनिटमध्ये हे करून झालंय.

आणि माझा प्रश्न. आम्ही तिघं भाऊ, युनिफॉर्मचं काम. २ कोटी लागत होते. आम्ही आपसातच, ज्याचा जेवढा हिस्सा तेवढे, दहा रुपये दर्शनी किमतीला राइट्स शेअर घेतले. आमच्या सीएने ईपीएस काढून दाखवला, तो निम्म्याच्या खाली गेला, आणि म्हणाला चूक केलीत, कर्ज काढायला हवं होतं. आम्हाला मात्र वाईट काही वाटलं नाही. खरंच चूक केली का?

जुनी_क्रेडिटवाली | सोमवार, दुपारी २:२५

चिंचोळीकर, नाही. तुमच्या बाबतीत ईपीएसचा तो हिशेब लागूच पडत नाही. तिघांनी हिश्शाप्रमाणे घेतले ना? मग दहा रुपयांचा एक शेअर काढा नाहीतर हजार रुपयांचा, कंपनीत पैसे तेवढेच आले आणि प्रत्येकाचा वाटा तोच राहिला. भाकरी तीच, तुकडे जास्त केले. तुकडा लहान झाला म्हणून कुणाची भाकरी कमी झाली नाही. बघायचं एवढंच की घरातले २ कोटी कारखान्यात किती कमावतात आणि दुसरीकडे किती कमावले असते. शेअरची किंमत महत्त्वाची ठरते ती बाहेरचा माणूस आत येतो तेव्हा, कारण तेव्हाच कुणाचा तरी वाटा कुणाकडे तरी जातो.

पंचा, तुमच्याकडे बाहेरचा माणूस आहे, म्हणून तुमचा हिशेब योग्य आहे. तुमच्यासाठी भाव बदलून बघा. १०० रुपयांना दिले तर ३ लाखच नवे शेअर लागतात, एकूण १३ लाख, किंमत १३ कोटी, तिच्या ११ टक्के १४३, अधिक १२, म्हणजे पॉइंट १५५ लाख. तुमचा १३० चा अंदाज त्याच्या खाली, म्हणून काका जिंकतात. ४० रुपयांना दिले तर पॉइंट ८९ वर येतो आणि वडील धावत जिंकतात. तोच कारखाना, तीच मशिनं, तोच ११ टक्के.

आता दोन गोष्टी मला खटकतात. एक, गेल्या वर्षी काहीही न करता तुमचा ईपीएस किती होता? ८० वजा १२, त्यातून टॅक्स, भागिले १० लाख, ५.१०. आणि तुमच्या इनडिफरन्स पॉइंटवर तो ४.९५ आहे. म्हणजे १११ ला दोन्ही मार्ग सारखे आहेत, पण दोन्ही आजच्यापेक्षा वाईट. कर्जाने आजच्या जागी यायलाच ११३ लागतात, शेअरने ११४. मशिनं न घेणे हा तिसरा मार्ग तुमच्या तक्त्यात नाही, तो घाला.

दोन, तो १३० लाखांचा अंदाज. त्यात नव्या मशिनांचा घसारा वजा केलाय ना?

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी २:५०

*बसून राहते, कारण आता काहीतरी फुटणार.*

पंचा_टॉवेल | सोमवार, रात्री ९:४८

फुटलं.

संध्याकाळी सीएकडे जाऊन बसलो. मी टॉवेलच्या किलोमागे मार्जिन धरून वर्षाचा आकडा काढला होता. जुना घसारा, वर्षाला १० लाख, वजा होता. नव्या मशिनांचा धरलाच नव्हता. ४ कोटींवर तो वर्षाला २५ लाखांच्या आसपास बसतो. म्हणजे माझे १३० हे खरे १०५.

१०५ ला कर्जाने ४.५०, शेअरने ४.६५. आणि आज ५.१०. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

बीकॉम_२०११ | सोमवार, रात्री १०:०५

मग नियमाप्रमाणे शेअर. १०५ हे १११ च्या खाली.

रॅपिअर_नको_रे_बाबा | सोमवार, रात्री १०:११

मग नियमाप्रमाणं मशीनच नको बे! ५.१० चं ४.६५ करायला ४ कोटी घालणार? त्यापेक्षा हुरडा खाऊन झोपा.

पंचा_टॉवेल | सोमवार, रात्री १०:३०

मशीन न घेणं म्हणजे आजचे ८० कायम राहतील असं नाही ना. साध्या लूमवरचा माल घेणारे गिऱ्हाईक दरवर्षी भाव पाडून मागतात. दोन वर्षांत ८० चे ६० झाले तर तिसऱ्या मार्गाचा ईपीएस ३.६० होतो. ५.१० हा आजचा आहे, उद्याचा नाही.

जुनी_क्रेडिटवाली | मंगळवार, सकाळी ७:०५

हे बरोबर बोललात. तुलना आजच्या ५.१० शी नाही, काही न करता दोन वर्षांनी जो राहील त्याच्याशी करायची. तो आकडा मात्र तुम्हालाच ठरवावा लागेल, आणि तो ठरवताना मशिनांवर मन बसलेलं असलं की माणूस मुद्दाम वाईट धरतो. कर्जाच्या फायली बघताना "मशीन न घेतल्यास धंदा बुडेल" हे वाक्य मी जितक्या वेळा वाचलं, तितके धंदे बुडाले नाहीत.

आणि घसाऱ्याची चूक लाजण्यासारखी नाही, फार जण करतात. पंचवीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या अंदाजपत्रकांत ही सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक असेल. ओळखायची खूण सोपी आहे. नव्या नफ्यातून जुना वजा करा, आणि मशिनांच्या किमतीने भागा. तुमचे ५० भागिले ४००, म्हणजे साडेबारा टक्के, घसारा न धरता. बरा दिसतो. घसारा धरून २५ भागिले ४००, सव्वासहा टक्के. बँक ११ मागते.

आता वडिलांच्या बाजूचं. ईपीएसला मुद्दल दिसत नाही. व्याज दिसतं, हप्ता दिसत नाही. तुमचं लोन किती वर्षांचं आहे?

पंचा_टॉवेल | मंगळवार, सकाळी ९:२०

पहिलं वर्ष फक्त व्याज. नंतर पाच वर्षं, तिमाहीला १५ लाख मुद्दल.

जुनी_क्रेडिटवाली | मंगळवार, दुपारी ३:४०

म्हणजे दुसऱ्या वर्षापासून वर्षाला ६० लाख मुद्दल. व्याज पूर्ण ३३ धरू, दुसऱ्या वर्षी थोडं कमी भरेल पण असू द्या. बँकेला द्यायचे एकूण ९३ लाख.

१०५ ईबिट झालं तर सीसीचे १२ आणि टर्म लोनचे ३३ जाऊन ६० उरतात, टॅक्स जाऊन ४५. घसारा ३५ हा काही खिशातून जात नाही, तो मिळवा. वर व्याजाचे ३३, कारण तेही याच पैशातून भरायचे आहेत. ११३ झाले. ११३ भागिले ९३ म्हणजे १.२२. बँकेत याला डीएससीआर म्हणतात. सरासरी दीडच्या आसपास असली की क्रेडिट ऑफिसर चहा मागवतो, १.२ ला तो चष्मा पुसायला लागतो. तुमच्या हप्त्यांवर दीड यायला ईबिट १४० च्या आसपास लागतं. बघा, ईपीएसच्या हिशेबाने कर्ज १११ ला परवडायला लागतं, आणि बँकेच्या हिशेबाने १४० ला. मधल्या पट्ट्यात एक्सेल हो म्हणतं आणि हप्त्याच्या तारखेला घाम फुटतो.

गेल्या पाच वर्षांचं ईबिट सांगाल का? एकच आकडा नको, पाचही.

पंचा_टॉवेल | मंगळवार, रात्री ९:१५

लाखात, जुन्यापासून नव्याकडे: ७२, ४८, ६६, ७५, ८०.

४८ चं वर्ष सुताने मारलं. २०२२ च्या मे महिन्यात कापसाची खंडी लाखावर गेली होती, आठवत असेल. सूत चढ्या भावाने घेतलं आणि टॉवेलच्या ऑर्डर जुन्या भावाने ठरलेल्या.

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ९:३२

आमच्या घरी तेव्हा चादरीचं दुकान होतं. गिऱ्हाईक जुन्या भावाची पावती घेऊन यायचं आणि म्हणायचं "मागच्या गड्ड्याला तर एवढ्यालाच दिली". तेवढंच आठवतं.

जुनी_क्रेडिटवाली | बुधवार, सकाळी ६:५०

७२ चे ४८. म्हणजे एका वर्षात तिसरा हिस्सा गेला. हेच १०५ वर लावू, ७० राहतात.

७० ला कर्ज असेल तर ४५ व्याज जाऊन २५, टॅक्स जाऊन १८.७५. घसारा ३५ मिळवला, ५३.७५. मुद्दल ६०. सव्वासहा लाख कमी. ते तुम्ही सीसीतून ओढाल, आणि त्याच वर्षी सूत महाग असल्यामुळे सीसी आधीच काठोकाठ असेल. खातं इथून बिघडायला लागतं. नफा दाखवणारा कारखाना हप्ता चुकवतो आणि घरातल्यांना कळत नाही की नफा गेला कुठे.

७० ला शेअर असतील तर ईपीएस २.९०, कर्जाने १.८८. पण फरक रुपया-दोन रुपयांचा नाहीच. फरक हा, की आत्येभाऊ त्या वर्षी लाभांश नाही मिळाला तर फार तर लग्नात तोंड वाकडं करेल.

बीकॉम_२०११ | बुधवार, सकाळी ९:१२

ताई, पण एक सांगा. कर्ज फिटत जातं तसं व्याज कमी होतं. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला १ कोटी ८० लाख बाकी, व्याज १९.८ लाख. मग पॉइंट १२ अधिक तिप्पट १९.८, म्हणजे ७१ वर येतो. आत्येभावाचे ५ लाख शेअर मात्र कायमचे. मग लांबचा विचार केला तर कर्जच बरं, नाही का? पहिल्या वर्षाचा पॉइंट धरून निर्णय घेणं मला अर्धवट वाटतं.

जुनी_क्रेडिटवाली | बुधवार, सकाळी १०:३५

चांगला मुद्दा, आणि अर्धा बरोबर. शेअर कायमचे हे खरं. पण ७१ हा आकडा फसवतो. १ कोटी २० लाख मुद्दल फेडलं ते कुठून? कारखान्याच्या नफ्यातूनच. शेअरचा मार्ग घेतला असता तर तेच पैसे कंपनीत राहिले असते, सीसी कमी झाली असती, सूत रोखीने घेतलं असतं. ती कमाई शेअरच्या बाजूला धरायला हवी, मग पॉइंट एवढा खाली येत नाही. नेमका किती येतो, ते राहिलेल्या पैशाचं कारखाना काय करतो त्यावर आहे. माझ्याकडे याचं एका ओळीचं उत्तर नाही.

चिंचोळीकर | बुधवार, दुपारी १२:२०

वडिलांच्या बाजूने एक गोष्ट कुणी बोलत नाही. ५ लाख शेअर १५ लाखांत म्हणजे ३३ टक्के. विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात. म्हणजे उद्या नियमावली बदलायची, आणखी कुणाला शेअर द्यायचे, तर आत्येभावाच्या होकाराशिवाय पान हलणार नाही. वडील "तिसरा माणूस नको" म्हणतात ते हेच, त्यांना कलम माहीत नसेल पण अनुभव माहीत असेल.

जुनी_क्रेडिटवाली | बुधवार, दुपारी १:०५

अगदी. आणि म्हणून, पंचा, निम्मं-निम्मं करून बघा. दीड कोटी कर्ज, दीड कोटी शेअर, त्याच ६० ला. नवे शेअर अडीच लाख, एकूण साडेबारा. वाटा २० टक्के, म्हणजे एकट्याने ठराव अडवता येत नाही. नवं व्याज साडेसोळा, मुद्दल वर्षाला ३०.

गंमत बघा, याचा इनडिफरन्स पॉइंट किती येतो? काढा.

पंचा_टॉवेल | बुधवार, रात्री ८:५५

दोनदा काढला. १११ च. मला वाटलं मधला काहीतरी येईल.

जुनी_क्रेडिटवाली | बुधवार, रात्री ९:२०

भाव तोच आणि व्याजदर तोच, तर मिश्रण कसंही करा, ईबिटसमोर ईपीएसचा आलेख काढला तर सगळ्या रेषा त्याच एका बिंदूतून जातात. मिश्रणाने बिंदू हलत नाही, रेषा किती उभी आहे तेवढं बदलतं. कर्ज जास्त, रेषा उभी. चांगल्या वर्षी वर, वाईट वर्षी खाली. म्हणून १०५ ला तुमचे तिन्ही ईपीएस जवळजवळ बसतात, ४.५०, ४.५९, ४.६५. पंधरा पैशांचा फरक, आणि त्यावर घरात भांडण.

पण ७० च्या वर्षी निम्म्या-निम्म्याचा हप्ता बघा. टॅक्स जाऊन ३१, घसारा ३५, मुद्दल ३०. वर ३६ लाख उरतात. तिथे खरा फरक आहे, आणि तो ईपीएसमध्ये कुठेही दिसत नाही.

बीकॉम_२०११ | बुधवार, रात्री ९:४५

मान्य. तरी माझं म्हणणं राहतं, चांगली वर्षं जास्त येणार असतील तर तुम्ही २० टक्के कायमचे देऊन टाकलेत. पाचांत एक वाईट वर्ष, म्हणून चार वर्षांचा वाटा द्यायचा?

रॅपिअर_नको_रे_बाबा | बुधवार, रात्री ९:५१

ते वाईट वर्ष तुमच्या गळ्यात पडलं की कळंल. लई सोपं वाटतं लांबून.

पंचा_टॉवेल | गुरुवार, रात्री १०:१०

वडिलांना आणि काकांना शेंगाचटणी-कडक भाकरीसमोर बसवून निम्म्या-निम्म्याचं सांगितलं. आश्चर्य म्हणजे दोघंही गप्प बसले, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ होकार असा होतो.

आत्येभावाला फोन केला. तो म्हणाला दीड कोटी चालतील, पण २० टक्क्यांत त्याला काही हाताला लागत नाही, म्हणून भाव ५० करा.

बीकॉम_२०११ | गुरुवार, रात्री १०:२२

५० ला पॉइंट काढला का? १० लाख जुने शेअर गुणिले ५० म्हणजे ५ कोटी, अधिक नवे ३, ८ कोटी. ११ टक्के ८८, अधिक १२. बरोबर १००. निम्म्या-निम्म्यालाही तोच, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. म्हणजे तुमचे १०५ आता पॉइंटच्या वर गेले. आता कर्ज!

चिंचोळीकर | गुरुवार, रात्री १०:४०

वाटाही बघा. ५० ला दीड कोटींचे ३ लाख शेअर, १३ लाखांत ते २३ टक्के. अजून पंचविसाच्या आत आहे, पण पुढच्या वेळी थोडे आणखी घेतले की गेला वर.

जुनी_क्रेडिटवाली | शुक्रवार, सकाळी ७:३०

बीकॉम, १०० आणि १०५ मधले ५ लाख पकडून उडी मारू नका. पंचाचा १०५ हा अंदाज चार दिवसांपूर्वी १३० होता. त्याच्या ईबिटमध्ये दोन्हीकडे वीस-पंचवीस लाखांची ढिलाई आहे, सूत दोन-चार रुपये किलोने हललं तरी हे पाच लाख पुसले जातील. इतक्या जवळच्या अंतरावर ईपीएस काहीच सांगत नाही. तिथे हप्ता, ठरावाची मतं आणि माणूस बघायचा.

आणि भावाचं म्हणाल तर आधी मूल्यांककाचा रिपोर्ट येऊ द्या. त्याने ५० पेक्षा जास्त किंमत काढली तर आत्येभावाला खाली येताच येणार नाही.

गिरणीतला_निवृत्त | शुक्रवार, सकाळी ९:००

सर्व वाचले. फार समजले नाही, परंतु मी सायझिंगमध्ये होतो, तेव्हा मालक सूत महाग झाल्यावर बीम भरणे थांबवत असत. आपण तसे करू शकता काय?

पंचा_टॉवेल | शुक्रवार, दुपारी १:१५

काका, थांबवू शकतो. पण मग बँकेचा हप्ता थांबत नाही, तोच तर प्रश्न आहे. तुम्ही समजलं नाही म्हणता, पण नेमकं तेच विचारलंत.

ताई, मूल्यांककाला कागद दिलेत. आत्येभाऊ शनिवारी रात्री हुतात्माने येतोय. गाडीतून उतरेपर्यंत माझ्या हातात रिपोर्ट नसणार, म्हणून मी मधला ५५ चा भाव घेऊन बसलो. साडेपाच कोटी अधिक तीन, साडेआठ. त्याच्या ११ टक्के साडेत्र्याण्णव, अधिक १२. एकशे साडेपाच.

माझा अंदाज १०५ आहे. आता यापुढे एक्सेल उघडत नाही, स्टेशनवर जातो.